मोबाईल स्टार्टर मध्येच रिसेट होतो आणि मोटर थांबते: नव्या फर्मवेअर अभियंत्यासाठी हस्तांतरण टिपण

आपल्या थ्री फेज मोबाईल स्टार्टरच्या फर्मवेअरचे काम आता आपण सांभाळणार आहात. स्रोत, आवृत्त्या आणि चाचणीच्या पद्धती कागदपत्रांत सापडतील. मात्र एकच तक्रार वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येते, आणि तिच्याशी जोडलेल्या काही गोष्टी कागदपत्रांत नीट आलेल्या नाहीत. हे टिपण त्यांच्यासाठी आहे. तक्रार अशी की चालू मोटर मध्येच थांबते, लाईट असते, आणि थोड्या वेळाने मोटर आपोआप पुन्हा सुरू होते. सेवा विभागाकडून ही तक्रार बहुतेक वेळा "फर्मवेअर हँग होते" अशा शब्दांत आपल्यापर्यंत येते. त्या शब्दांवर विसंबून कोड उघडू नये, कारण मूळ कारण बहुधा मोडेमच्या वीजपुरवठ्यात असते आणि फर्मवेअर त्या कारणाला केवळ वेगळा मुखवटा चढवते.

लक्षणे

आधी एक रचना लक्षात घ्यावी. कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या मार्गात आपला जो रिले आहे, तो प्रोसेसर जिवंत असेपर्यंतच ओढलेला राहतो. हे सुरक्षिततेसाठी मुद्दाम केले आहे. त्यामुळे प्रोसेसर क्षणभर जरी रिसेट झाला तरी रिले सुटतो आणि मोटर थांबते. पेटी ऑटोवर असेल तर मोडेम पुन्हा नेटवर्कवर येतो, सुरुवातीचा विलंब संपतो आणि साधारण दोन-तीन मिनिटांत मोटर परत चालू होते. मोटर थांबली, कारणाचा एसएमएस आला नाही आणि काही मिनिटांत ती आपोआप सुरू झाली, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर रिसेटचाच संशय घ्यावा. ड्राय रन किंवा फेज गेल्यामुळे मोटर थांबली असेल तर एसएमएस येतो आणि ती इतक्या लवकर परत सुरू होत नाही.

दुसरे लक्षण अधिक बोलके आहे. शेतकरी सांगतो, "साहेब, मोटर चालू आहे का बघायला मिसकॉल दिला की तेव्हाच ती बंद पडते." असे ऐकले की निम्मे निदान झाले असे समजावे. मिसकॉलला उत्तर म्हणून पेटी एसएमएस पाठवते, म्हणजेच मोडेम प्रक्षेपण करतो, आणि नेमका तोच क्षण घात करतो.

तिसरे लक्षण फसवे आहे. कोणी फोन केलेला नसतानाही मोटर ठराविक अंतराने थांबते. अशा वेळी डीपीवर किंवा वायरमनवर दोष जातो. प्रत्यक्षात प्रत्येक जीएसएम मोडेमला ठराविक काळाने टॉवरकडे आपली हजेरी लावावी लागते. हे अंतर नेटवर्क कंपनी ठरवते आणि ते सहा मिनिटांच्या पटीत असते. थांबण्याच्या वेळा वहीत लिहून घेतल्या आणि त्यांतले अंतर जवळपास सारखे आले, तर कारण बाहेरच्या लाईटमध्ये नसून पेटीच्या आत आहे असे मानण्यास हरकत नाही.

पहिली तपासणी: फोनवरचे प्रश्न

यासाठी काही खर्च येत नाही आणि बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. लाईट आल्यावर मोटर उशिरा सुरू होते, एवढीच तक्रार असेल तर तो दोष नाही. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या तर दाब कोसळतो, म्हणून आपण ६० सेकंदांच्या विलंबात प्रोसेसरच्या स्वतःच्या क्रमांकावरून काढलेले ० ते ६३ सेकंद मिळवतो. प्रत्येक पेटीचा विलंब निराळा असतो, पण त्या पेटीपुरता तो कायम तोच राहतो. शेजाऱ्याची मोटर आधी आणि आपली नंतर, असे रोज होत असेल तर ती याच कोडची करामत आहे. हा आकडा माहितीपुस्तिकेत नाही, त्यामुळे सेवा विभागालाही तो सांगून ठेवावा लागतो.

त्यानंतर सिमकार्डाची चौकशी करावी. आपला मोडेम फक्त टूजीवर चालतो, त्यामुळे जिओचे कार्ड त्यात कधीच नोंदले जाणार नाही. कार्ड बदलल्यापासून तक्रार सुरू झाली असेल तर पुढे जाण्यापूर्वी याची खात्री करावी.

दुसरी तपासणी: रिसेटचा कोड

पेटीला स्थिती विचारणारा एसएमएस पाठवला की उत्तराच्या शेवटी `R:1400/5056` असा मजकूर येतो. शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही, पण आपल्याला हाच सर्वांत स्वस्त पुरावा आहे. त्याचा पहिला भाग रिसेटच्या नोंदवहीतला वरचा अर्धा भाग आहे. तो बूटलोडर सर्वांत आधी उचलून बॅकअप रजिस्टरमध्ये ठेवतो आणि मग मूळ नोंद पुसतो.

```c
BKP->DR1 = RCC->CSR >> 16;
RCC->CSR |= RCC_CSR_RMVF;
```

येथे पहिली छुपी खोड आहे. डीबगर लावून `RCC->CSR` पाहिले तर त्यात रिसेटचे काहीच चिन्ह दिसत नाही, कारण मुख्य प्रोग्राम सुरू होण्याआधीच ते पुसलेले असते. पाहायचे ते `BKP->DR1`. दुसरी गोष्ट या प्रोसेसरची आहे. एसटीएम३२एफ१०३ मध्ये कोणताही अंतर्गत रिसेट झाला की चिप स्वतःच रिसेटची पिन खाली ओढते, त्यामुळे पिन-रिसेटचा बिट प्रत्येक वेळी लागलेला दिसतो. `0400` हा आकडा एकटा आला तरच तो खरा पिन-रिसेट समजावा. `0C00` म्हणजे लाईट जाऊन आली, `2400` म्हणजे वॉचडॉग आणि `1400` म्हणजे सॉफ्टवेअरने घेतलेला रिसेट.

हा शेवटचा आकडा पाहून नवा माणूस हमखास कोडमध्ये शिरतो. तसे करण्याआधी तिरक्या रेघेनंतरचा भाग वाचावा. पुरवठा घसरल्याचे चिपमधल्या व्होल्टेज पहारेकऱ्याला, म्हणजे पीव्हीडीला कळले की पुढील कोड चालतो.

```c
void PVD_IRQHandler(void) {
    BKP->DR2 = 0x5056;
    NVIC_SystemReset();
}
```

म्हणजे रिसेट सॉफ्टवेअरने घेतला हे खरे, पण व्होल्टेज पडल्यामुळे घेतला. `5056` दिसले तर प्रश्न पुरवठ्याचा आहे, फर्मवेअरचा नाही. त्या जागी `0000` असेल तरच कोडकडे वळावे.

विचारलेल्या एसएमएसला उत्तरच येत नसेल आणि त्याच वेळी मोटर थांबत असेल, तर उत्तर पाठवतानाच पेटी रिसेट होत आहे. अशा वेळी पेटीजवळच्या माणसाला दिवा पाहायला सांगावे. सुरू होताना तो लाईट आल्यावर एकदा, वॉचडॉगने दोनदा, पीव्हीडीने तीनदा आणि इतर कारणाने चारदा लुकलुकतो.

तिसरी तपासणी: अँटेना

`5056` आले की पहिला हात अँटेनाला लावावा, कारण तिला बोर्ड उघडावा लागत नाही आणि खर्चही किरकोळ असतो. बसवणारे अनेकदा चुंबकाची अँटेना चोरीच्या भीतीने स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीतच चिकटवून टाकतात. सेवा विभागाच्या माणसाकडे सिरियल केबल असेल तर `AT+CSQ` ही आज्ञा देऊन पहिला आकडा पाहावा. तो ० ते ३१ मध्ये असतो आणि ९९ म्हणजे मोजताच आले नाही. व्यवहारात आकडा दहाच्या खाली असेल तर अँटेना पत्र्याबाहेर, शक्यतो उंचावर न्यावी.

याचा पुरवठ्याशी काय संबंध, हे एकदा नीट समजले की पुढची सगळी तपासणी सोपी होते. जीएसएम मोडेम सलग प्रक्षेपण करत नाही. तो ४.६१५ मिलिसेकंदांच्या प्रत्येक चक्रात साधारण ०.५८ मिलिसेकंदच बोलतो, पण तेवढ्या क्षणात सुमारे २ अँपिअर प्रवाह ओढतो. टॉवरचा संपर्क चांगला असेल तर नेटवर्क मोडेमला आवाज कमी करायला सांगते आणि प्रवाह उतरतो. संपर्क वाईट असेल, किंवा अँटेना पत्र्याला लागून तिची जुळणी बिघडली असेल, तर प्रवाह वरच राहतो. मल्टिमीटरवर हे दिसत नाही, कारण तो सरासरी दाखवतो आणि सरासरी नेहमी निर्दोष असते.

तरीही अँटेना हा अर्धाच उपाय आहे, हे आपण शेतकऱ्याला आणि स्वतःलाही सांगून ठेवावे. संपर्क सुरू करतानाची पहिली हाक मोडेम त्या टॉवरने ठरवून दिलेल्या कमाल ताकदीनेच देतो, मग संपर्क कितीही चांगला असो. पुरवठा अशक्त असेल तर तो दोष केव्हातरी परत डोके वर काढणारच.

निफाडजवळच्या एका द्राक्षबागेतील पेटीत हे क्रमाने पाहायला मिळाले. मोटर ठराविक अंतराने थांबत होती. शेतकऱ्याच्या वायरमनने कॉन्टॅक्टर बदलला, मग ओव्हरलोड रिले बदलला, तरी काही फरक पडला नाही. कोड `R:1400/5056` आला. `AT+CSQ` चा आकडा ६ होता आणि अँटेना पेटीच्या दाराला आतून चिकटलेली होती. ती शेडच्या पत्र्यावर नेल्यावर आकडा १४ झाला आणि तक्रार थांबली. उन्हाळा वाढला तशी ती परत आली, कोडही तोच आला, म्हणून पेटी टेबलावर आणली.

चौथी तपासणी: टेबलावर, स्कोपसह

येथून पुढचे काम फक्त टेबलावर करावे. बोर्डाचा फेज ओळखणारा भाग ४१५ व्होल्टच्या लाइनशी थेट जोडलेला आहे. अर्थ केलेल्या ऑसिलोस्कोपचा ग्राउंड चिमटा चालू स्टार्टरमधल्या बोर्डाला लावला तर स्कोप, बोर्ड आणि हात, तिन्हींचा जीव धोक्यात येतो. तिन्ही फेज सोडवून बोर्डाला केवळ १२ व्होल्टचा विलग पुरवठा द्यावा. फेज नसल्याची सूचना बोर्ड देत राहील, ती या चाचणीपुरती दुर्लक्षित करावी.

प्रोब मोडेमच्या पुरवठ्याच्या पिनांवरच लावावा, कनव्हर्टरच्या बाजूला नव्हे. ट्रिगर उतरत्या कडेवर ३.५ व्होल्टला ठेवून पेटीला मिसकॉल द्यावा. मोडेमला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि आपण ४.० देतो. त्याच ४.० व्होल्टच्या मार्गावरून एका रेग्युलेटरमार्फत प्रोसेसरचे ३.३ व्होल्ट काढलेले आहेत. खर्च वाचवण्यासाठी हार्डवेअरमध्ये घेतलेला तो निर्णय या सगळ्या प्रकरणाचे मूळ आहे. द्राक्षबागेच्या पेटीत प्रत्येक प्रक्षेपणासरशी ४.० व्होल्ट ३.१ पर्यंत खाली जात होते. रेग्युलेटर स्वतःसाठी सुमारे ०.३ व्होल्ट खातो, म्हणजे प्रोसेसरला २.८ च मिळत होते. पीव्हीडी २.९ व्होल्टच्या पायरीवर लावलेला असला तरी दाब उतरताना तो प्रत्यक्षात साधारण २.८ लाच चेततो. हिशेब अचूक जुळला.

दोषी निघाला तो मोडेमजवळचा १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. मीटरवर त्याची धारकता जवळपास पूर्ण भरली. बिघडतो तो त्याचा अंतर्गत रोध, ज्याला आपण ईएसआर म्हणतो. ०.९ व्होल्टची घसरण भागिले २ अँपिअर केले तर या मार्गात मिळून ०.४५ ओहम बसतो, आणि नव्या कमी ईएसआरच्या कपॅसिटरसह तो याच्या बराच खाली असायला हवा. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीत हे कपॅसिटर लवकर सुकतात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा ठोकताळा येथे चांगलाच लागू पडतो. १०५ अंशांचा, कमी ईएसआरचा कपॅसिटर त्याच जागी बसवल्यावर दाब ३.७ च्या खाली गेला नाही. नवा कपॅसिटर मोडेमच्या पिनांपासून लांब तारांनी जोडू नये, कारण तारांमुळे सगळा फायदा वाया जातो.

पीव्हीडी बंद केला की तक्रारी लगेच कमी होतात, आणि विक्री विभागाकडून तसा आग्रहही होतो. तो मानू नये. मालकाचे नोंदवलेले मोबाईल क्रमांक आपण चिपच्याच फ्लॅशमध्ये ठेवतो आणि ते बदलताना आधी संपूर्ण पान पुसावे लागते. पुसण्याच्या किंवा लिहिण्याच्या मध्यात व्होल्टेज कोसळले तर पान अर्धवट राहते, क्रमांक नाहीसे होतात आणि पेटी कोणाचेच ऐकत नाही. थांबून परत सुरू होणारी मोटर त्यापेक्षा बरी.

पाचवी तपासणी: कोड `2400` असेल तर

येथे मात्र दोष खरोखर आपल्या कोडचा आहे. वॉचडॉगचे घड्याळ चिपच्या आतल्या एलएसआय ऑसिलेटरवर चालते. ते ४० किलोहर्ट्झचे मानले जात असले तरी प्रत्यक्षात चिपनुसार ३० ते ६० मध्ये कुठेही असू शकते. आपण विभाजक २५६ आणि गणना ४०९६ ठेवली आहे, जी या वॉचडॉगची कमाल मर्यादा आहे. ४० किलोहर्ट्झला २६.२ सेकंद मिळतात, पण ६० ला केवळ १७.५. एसएमएस पाठवल्यावर मोडेमच्या उत्तराची वाट पाहणारा आपला कोड २० सेकंद थांबतो आणि त्या काळात वॉचडॉगला हात लावत नाही. बहुतेक पेट्यांत हे कधीच उघड होत नाही. एखाद्या पेटीत जलद एलएसआय आणि कमजोर नेटवर्क एकत्र आले की रिसेट होतो, आणि तोच बोर्ड कार्यालयात आणला की उत्तम चालतो.

संशय तपासायला सिरियलवर `WDTEST` ही आज्ञा आहे. ती दिली की प्रोग्राम मुद्दाम अडकतो आणि रिसेट होईपर्यंतचा वेळ साध्या घड्याळाने मोजता येतो. तो २० सेकंदांपेक्षा कमी आला तर निदान पक्के समजावे.

प्रतीक्षेच्या लूपमध्येच वॉचडॉग भरावा, असे सुचेल. ते करू नये, कारण मग मोडेमचा संवाद खरोखर अडकला तरी वॉचडॉग कधीच चावणार नाही. तात्पुरता उपाय म्हणून प्रतीक्षा १५ सेकंदांवर आणता येते. पण मोडेमला उत्तर द्यायला ६० सेकंदही लागू शकतात, त्यामुळे एसएमएस गेलेला असताना आपण तो अयशस्वी धरून पुन्हा पाठवतो आणि शेतकऱ्याला एकच संदेश दोनदा मिळतो. शिवाय उशिरा आलेले उत्तर पुढच्या आज्ञेचे समजले जाते, म्हणून नवी आज्ञा देण्यापूर्वी येणारा बफर रिकामा करणे आवश्यक आहे. योग्य उपाय म्हणजे प्रतीक्षा मुख्य लूपमध्ये टप्प्याटप्प्याने विभागणे. ते काम `sms-fsm` या शाखेत अर्धे झालेले आहे. पाठवण्याचा भाग चालतो, पुन्हा प्रयत्न करण्याचा भाग अजून जुन्याच पद्धतीचा आहे.

कुठे थांबावे

एकटा `0400` येत असेल आणि रिसेट कॉन्टॅक्टर सुटताना किंवा ओढताना होत असेल, तर कॉइलमधून उठणारा झटका रिसेटच्या पिनपर्यंत पोहोचत आहे. उपाय कॉइलवर आरसी स्नबर बसवण्याचा आहे, पण तो ४१५ व्होल्टच्या मार्गात बसतो. ते काम परवानाधारक वायरमनचे आहे. फोनवरून शेतकऱ्याला पेटी उघडायला, कॉन्टॅक्टर दाबून पाहायला किंवा सिंगल फेज प्रिव्हेंटर टाळून मोटर चालवायला कधीही सांगू नये, तो स्वतः तयार असला तरीही.

`0C00` वारंवार येत असेल तर पेटीला मिळणारा पुरवठाच तुटत आहे. आधी वायरमनकडून टर्मिनल घट्ट करून घ्यावेत. तेवढ्याने भागले नाही आणि त्याच डीपीवरच्या इतर मोटारीही थांबत असतील, तर शेतकऱ्याने महावितरणकडे तक्रार नोंदवणे एवढाच मार्ग उरतो.

कपॅसिटर बदलूनही दाब ३.४ च्या खाली जात असेल तर कनव्हर्टर, त्याची कॉइल किंवा बोर्डावरील तांब्याचा मार्ग संशयास्पद आहे. तिथे फर्मवेअर अभियंत्याने स्वतः जोडकाम करत बसू नये. बोर्ड स्कोपच्या चित्रासह हार्डवेअर विभागाकडे द्यावा आणि चित्रावर `AT+CSQ` चा आकडाही लिहावा, कारण चांगल्या संपर्कात घेतलेले चित्र पाहून ते बोर्ड निर्दोष ठरवून परत पाठवतात. प्रोसेसरसाठी वेगळा पुरवठा मागणारी बदल-विनंती त्यांच्याकडे प्रलंबित आहे. द्राक्षबागेच्या पेटीतील दोन्ही चित्रे, कपॅसिटर बदलण्यापूर्वीचे आणि नंतरचे, त्या विनंतीला जोडलेली आहेत.